इच्छापत्र आजीचे, सही आजीची. मग साक्षीदार कोण?

रात्री दोनच्या सुमारास उपनगरातल्या एखाद्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जाऊन उभे राहिले, तर एक प्रश्न कानावर पडतो. 'पेशंटचा श्वास कमी पडतोय. ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घ्यायचं का? घ्यायचं असेल तर इथे सही करा.' समोर दोन भावंडे असतात. धाकटा म्हणतो, आई नेहमी सांगायची, मला नळ्यांमध्ये अडकवून ठेवू नका. थोरला म्हणतो, बोलायची ती, पण आता हात वर कसे करायचे? दोघेही खोटे बोलत नसतात. आई काय म्हणाली होती ते दोघांनाही आठवत असते. पण ती नेमके कोणत्या प्रसंगाबद्दल बोलत होती, हे विचारायचे राहून गेलेले असते. दोन-तीन मिनिटांत सही होते. आणि एकदा लागलेले यंत्र काढणे हे न लावण्यापेक्षा कितीतरी अवघड असते, हे त्या घराला पुढच्या तीन आठवड्यांत कळते.

हा प्रश्न आधीच, शुद्धीत असताना, स्वतः उत्तर देऊन ठेवण्याची सोय आता कायद्याने आहे. तिला वैद्यकीय इच्छापत्र किंवा 'लिव्हिंग विल' म्हणतात. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना असे इच्छापत्र वैध ठरवले. पण तेव्हा आखलेली वाट इतकी बिकट होती, की तिच्यावरून जवळजवळ कोणी गेलेच नाही. सही करताना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे. अंमलबजावणीच्या वेळी वीस वर्षे अनुभवाचे तज्ज्ञ आणि जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले मंडळ लागे, आणि शेवटी दंडाधिकाऱ्यांनी रुग्णाच्या खाटेपाशी येऊन पाहायचे होते. अतिदक्षता विभागातील डॉक्टरांच्या संघटनेने हे बदलून मागितले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने वाट बरीच सोपी केली.

ती प्रत्यक्षात खुली होण्यासाठी मुंबईतूनच एक धक्का द्यावा लागला. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी नव्या नियमांप्रमाणे स्वतःचे इच्छापत्र केले. त्याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवावी, असे निकालात म्हटले होते. पण तसा अधिकारी नेमलेलाच नव्हता. डॉ. दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर राज्यातील महापालिका आणि इतर स्थानिक संस्थांमध्ये हे कागद जपणारे अधिकारी नेमले गेले. बोरिवलीत राहणाऱ्याने आर/मध्य, अंधेरी पश्चिमेच्या रहिवाशाने के/पश्चिम, मुलुंडकराने टी आणि घाटकोपरकराने एन विभागाच्या वॉर्ड कार्यालयात आरोग्य खात्याकडे चौकशी करायची, इतपत तरी वाट आता दिसते.

तरीही केलेले इच्छापत्र ऐन वेळी उपयोगी पडेलच असे नाही. ते दोन कारणांनी लटके पडू शकते. एक, त्यात काय नको हे लिहिलेले असते, पण केव्हा नको हे लिहिलेले नसते. दोन, साक्षीदार, वारस आणि निर्णय सांगणारा माणूस या तीन भूमिका एकाच माणसाकडे जातात. ही दोन्ही कारणे समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. यातील कुटुंब काल्पनिक आहे, पण प्रसंग कुठल्याही सोसायटीत घडेल असा आहे.

'व्हेंटिलेटर नको' एवढेच पुरत नाही

बोरिवलीत राहणाऱ्या ७८ वर्षांच्या एक आजी. वीस वर्षांचा दमा आता सीओपीडीपर्यंत पोहोचला आहे. म्हणजे फुप्फुसांची झीज झाली आहे आणि ती भरून येणार नाही. घरी रात्री ऑक्सिजन लागतो. गेल्या पावसाळ्यात चार दिवस रुग्णालयात काढून त्या घरी आल्या. डोके तल्लख आहे, रोजचा पेपर वाचतात. थोरला मुलगा त्यांच्याच घरी, धाकटा अंधेरीला, मुलगी मुलुंडला. आजींनी एका कागदावर लिहिले : 'मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये, छातीवर दाब देऊ नये, शांतपणे जाऊ द्यावे.' खाली सही.

भावना स्पष्ट आहे, सूचना मात्र स्पष्ट नाही. समजा पुढच्या पावसाळ्यात आजींना न्यूमोनिया झाला. सीओपीडीच्या रुग्णाला असा संसर्ग झाला, की श्वास अचानक खालावतो. पण अँटिबायोटिक आणि चार-पाच दिवस बायपॅप, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, एवढ्यावर पुष्कळ रुग्ण सावरतात. तोही 'व्हेंटिलेटर'च आहे, असे एखादा नातेवाईक म्हणू शकतो. मग आजींना तोही नको होता का? कागद काहीच सांगत नाही. निकालात याबद्दल नेमकी तरतूद आहे : इच्छापत्र संदिग्ध असेल, तर वैद्यकीय मंडळाने ते अमलात आणू नये आणि इच्छापत्र नसलेल्या रुग्णासारखीच कार्यवाही करावी. म्हणजे गोष्ट पुन्हा त्या दोन भावांच्या वादावर येऊन थांबते.

म्हणून आधी कोणता उपचार म्हणजे काय, हे आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यायला हवे. छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न म्हणजे सीपीआर. यात मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, छाती निदान पाच सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने दाबावी लागते. म्हाताऱ्या, ठिसूळ बरगड्या यात मोडतात. सिनेमात माणूस यातून डोळे उघडून उठून बसतो. प्रत्यक्षात, रुग्णालयात हृदय थांबलेल्या ज्येष्ठांच्या परदेशी अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा, सत्तरीतल्या शंभरांपैकी साधारण एकोणीस, ऐंशीतल्या शंभरांपैकी पंधरा आणि नव्वदीपुढच्या शंभरांपैकी बारा रुग्ण जिवंत घरी गेले. यात सर्व तऱ्हेचे रुग्ण आहेत. हृदयाच्या ठोक्यात अचानक बिघाड झालेल्या, एरवी ठणठणीत माणसाला संधी जास्त असते. फुप्फुस, मूत्रपिंड किंवा कर्करोग शेवटच्या टप्प्यात असताना हृदय थांबले, तर ती फारच थोडी उरते. म्हणजे सीपीआर निरुपयोगी नाही, पण तो कोणाला आणि केव्हा द्यायचा याला अर्थ आहे.

सीपीआर न करण्याच्या निर्णयाला रुग्णालयात 'डीएनआर' म्हणतात. याबद्दल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० मध्ये मार्गदर्शक सूत्रे दिली आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरने रुग्णाशी, तो बोलण्याच्या स्थितीत नसेल तर नातेवाइकांशी चर्चा करून हा निर्णय केसपेपरमध्ये नोंदवायचा असतो. त्यातला सर्वांत जास्त गैरसमज होणारा मुद्दा असा : डीएनआर म्हणजे फक्त हृदय थांबल्यावर छाती दाबायची नाही. त्याआधीचे सलाइन, औषध, ऑक्सिजन, रक्त, वेदनाशामक यातले काहीही त्यामुळे थांबत नाही. 'डीएनआर लिहिलंय म्हणजे आता लक्ष देणार नाहीत' ही भीती ज्येष्ठांच्या मनात असते. ती डॉक्टरांना स्पष्ट विचारून दूर करून घ्यावी.

जीवरक्षक यंत्रणा ही त्याहून वेगळी गोष्ट. घशातून श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास देणे, रक्तदाब टिकवणारी औषधे सतत चालू ठेवणे, डायलिसिस, नाकातून किंवा पोटातून नळीने अन्न देणे, हे सगळे तिच्यात येते. घशातली नळी एक-दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायची वेळ आली, की डॉक्टर बहुधा गळ्याला छेद देऊन ट्रॅकिओस्टॉमी सुचवतात. इथून पुढे महिनोन् महिने यंत्रावर राहण्याची शक्यता सुरू होते, आणि हा टप्पा इच्छापत्रात बहुतेकांनी विचारात घेतलेलाच नसतो.

हे समजल्यावर आजींचा कागद बदलतो. आता त्यात तीन भाग आहेत. पहिला : संसर्गासारखे बरे होण्याजोगे कारण असेल, तर ऑक्सिजन, अँटिबायोटिक आणि बायपॅप द्यावा, नळी घालून व्हेंटिलेटर लावावाच लागला तर तो सात दिवसांसाठी लावावा, सातव्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांसोबत बसून सुधारणा आहे का ते ठरवावे, आणि ट्रॅकिओस्टॉमी करू नये. दुसरा : बरे होण्याची आशा उरलेली नाही असे डॉक्टरांचे मत झाले आणि मला स्वतःला निर्णय सांगता येत नसेल, तर सीपीआर, व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तदाबाची औषधे नकोत; लावली असतील तर काढावीत. तिसरा : धाप आणि वेदना कमी करणारी औषधे, मॉर्फिनसकट, कधीही थांबवू नयेत, तोंड ओले ठेवावे, शक्य असेल तर घरी न्यावे, घरचे माणूस जवळ असू द्यावे.

सात दिवस हा आकडा कायद्यातला नाही. तो आजींनी आपल्या छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवला. पक्षाघाताच्या रुग्णाला डॉक्टर याहून मोठी मुदत सुचवतील. मुद्दा आकड्याचा नाही. 'करून पाहा, पण अमुक दिवशी थांबून विचार करा' असे लिहिले, की पहिल्या रात्री सही करणाऱ्या मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरते. मुदतीचा प्रयत्न हा शेवटचा शब्द नाही, हे त्याला आईच्याच अक्षरात वाचता येते.

साक्षीदाराने नेमके काय पाहायचे

२०२३ च्या निकालानुसार इच्छापत्रावर सज्ञान, मनाने सक्षम व्यक्तीची सही लागते, ती दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत व्हावी लागते, आणि तो दस्त नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित व्हावा लागतो. दंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आता लागत नाही. साक्षीदार 'शक्यतो स्वतंत्र' असावेत, असे न्यायालयाने म्हटले आहे. 'शक्यतो' या शब्दामुळे मुलगा किंवा सून साक्षीदार झाली तर कागद आपोआप बाद होत नाही. पण तो कमजोर होतो, आणि का होतो ते समजून घ्यायला हवे.

मालमत्तेच्या मृत्युपत्राचा साक्षीदार मुख्यतः एकच गोष्ट सांगत असतो : या माणसाने माझ्यासमोर सही केली. वैद्यकीय इच्छापत्राच्या साक्षीदाराची जबाबदारी याहून मोठी आहे. सही स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, प्रलोभनाशिवाय आणि परिणामांची पूर्ण समज ठेवून केली आहे, याबद्दल आपले समाधान झाल्याचे साक्षीदारांनी आणि नोटरीनेही नोंदवायचे असते. उद्या रुग्णालयात कोणी म्हणाले, 'आईला काय कळतंय, धाकट्याने सही करून घेतली,' तर ज्याच्याकडे बोट दाखवले जाते आहे त्याचीच साक्ष काय कामाची?

आजींनी सुरुवातीला जी दोन नावे योजली होती, ती पाहिली की हे स्पष्ट होते. एक थोरली सून, दुसऱ्या दिवसभर सोबत असणाऱ्या मावशी. सूनबाईंचे कुटुंब त्याच घरात राहते आणि तेच घर पुढे कोणाला मिळणार, हा विषय भावंडांत निघून गेलेला आहे. मावशींचा पगार थोरला मुलगा देतो. दोघींच्या मनात काहीही वावगे नाही. पण धाकट्याने किंवा मुलीने पुढे शंका घेतली, तर दोघींपैकी एकीचेही म्हणणे तिऱ्हाईताचे ठरणार नाही. शिवाय निर्णय सांगणारी व्यक्ती म्हणून कागदावर थोरल्या मुलाचेच नाव होते. म्हणजे वारस, निर्णय सांगणारा आणि साक्षीदार, सगळे एका छपराखाली.

म्हणून एक साधी कसोटी लावावी. ज्याला मृत्यूनंतर काही मिळणार आहे, ज्याला निर्णय सांगायचा आहे, ज्याला बिल भरायचे आहे आणि या तिघांवर ज्याचे पोट अवलंबून आहे, त्यांना साक्षीदार करू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही यातून वगळलेले बरे, कारण पुढे इच्छापत्रावर मत द्यायची वेळ त्यांच्यावरच येऊ शकते. फॅमिली डॉक्टरांना निकालाने मनाई केलेली नाही, पण त्यांचा उपयोग दुसरीकडे जास्त आहे. सहीच्या एक-दोन दिवस आधी त्यांनी तपासून 'रुग्ण पूर्ण भानावर आहे, प्रश्न समजतो, उत्तर देतो' असे दोन ओळींचे प्रमाणपत्र दिले, तर ते सोबत जोडता येते. विसरभोळेपणा सुरू झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत हे प्रमाणपत्र फार मोलाचे ठरते. विस्मरणाचा आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर इच्छापत्र करता येत नाही. निदान झाल्यावरचे पहिले काही महिने हीच त्याची वेळ.

आजींनी नावे बदलली. समोरच्या ब्लॉकमधल्या निवृत्त शिक्षिका आणि दिवंगत यजमानांचे बँकेतले जुने सहकारी. दोघांचेही या घराशी घेणेदेणे नाही, दोघांचेही वय आजींपेक्षा कमी आहे आणि दोघेही जवळच राहतात. वय आणि पत्ता हेही पाहायचे असते. साक्ष विचारायची वेळ दहा वर्षांनीही येऊ शकते.

साक्षीदारांनी काय करावे, याचाही क्रम असतो. शिक्षिकाबाईंनी आधी कागद पूर्ण वाचला. मग घरच्यांना बाहेर बसायला सांगून त्यांनी विचारले, 'काकू, हे तुम्ही स्वतः ठरवलंत ना? कोणी मागे लागलं म्हणून नाही?' पुढचा प्रश्न होता, 'यात लिहिल्याप्रमाणे यंत्र लावलं नाही तर काय होईल, तुम्हाला माहीत आहे ना?' आजी म्हणाल्या, 'जाईन मी. पण धापा टाकत नाही जायचं, म्हणून ते औषधाचं लिहून ठेवलंय.' हे उत्तर म्हणजे 'परिणामांची समज' या शब्दांचा अर्थ. साक्षीदाराने ते ऐकले असेल, तरच त्याच्या सहीला वजन आहे.

पुढची चूक नोटरीपाशी होते. घरी सह्या उरकून, एकाने कागद घेऊन कोर्टाबाहेरच्या टेबलावर जायचे आणि शिक्का मारून आणायचा, ही आपल्याकडची प्रतिज्ञापत्रांची सवय. इथे ती चालवून घेऊ नये. आजी, दोन साक्षीदार आणि नोटरी एका वेळी एका जागी असायला हवेत, सह्या तिथेच व्हायला हव्यात, आणि नोटरीच्या नोंदवहीत त्याच दिवशीची नोंद व आजींची सही हवी. तारीख, शिक्का आणि नोंदवहीतला क्रमांक जुळतो का, हे तिथेच पाहून घ्यावे. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी नोटरीला घरी बोलवावे. न्यायालयाने भाषेचे बंधन घातलेले नाही, तेव्हा आजींना जी भाषा वाचता येते त्या मराठीतच मूळ कागद असावा. सोबत इंग्रजी भाषांतर ठेवावे, कारण रात्रपाळीच्या डॉक्टरांना मराठी वाचता येईलच असे नाही.

आपल्यासाठी कोण बोलणार

साक्षीदाराचे काम सहीच्या दिवशी जवळजवळ संपते. त्यानंतर काम सुरू होते ते इच्छापत्रात नाव दिलेल्या पालकाचे किंवा जवळच्या नातेवाइकाचे. अशी एकाहून जास्त नावे देता येतात. रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल, तर इच्छापत्रातल्या सूचनांच्या चौकटीत राहून उपचार नाकारायची किंवा थांबवायची संमती याच व्यक्तींकडून घेतली जाते.

हे नाव लिहून ठेवणे का गरजेचे आहे, हे मुंबईने पूर्वी पाहिले आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या चार दशकांहून अधिक काळ तिथेच अंथरुणावर होत्या. त्यांच्या वतीने लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाला आधी हाच प्रश्न सोडवावा लागला, की अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? न्यायालयाने तो त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. अरुणांना स्वतःला काय हवे असते, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

आजींनी दोन नावे दिली : पहिले मुलीचे, ती उपलब्ध नसेल तर धाकट्या मुलाचे. 'दोघांनी मिळून' असे न लिहिता क्रम लावला, कारण दोघांची मते वेगळी पडली तर काम तिथेच अडते. आणि थोरल्याला वगळल्याचे त्याला कागदातून कळू नये म्हणून तिघांनाही एकत्र बसवून सांगितले. हे बोलणे कोणत्याही नियमात नाही. पण रुग्णालयात पहिला आवाज चढतो तो बहुधा ज्याला काहीच सांगितलेले नव्हते त्याचा.

प्रत्यक्ष वेळ आल्यावर

आता समजा दोन वर्षांनी आजी अतिदक्षता विभागात आहेत, नळी घातलेली आहे, सातवा दिवस उलटला आहे आणि फुप्फुसे सावरत नाहीत. मुलीने इच्छापत्राची प्रत डॉक्टरांना दिली. डॉक्टर आधी ते खरे आहे का हे डिजिटल आरोग्य नोंदीतून किंवा महापालिकेच्या अधिकाऱ्याकडील प्रतीवरून पडताळतात. मग रुग्णालय पहिले वैद्यकीय मंडळ बसवते : उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले निदान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. उपचार थांबवावेत असे त्यांचे मत झाले, की दुसरे मंडळ बसते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. त्यांच्यासाठीही शक्यतो ४८ तास. दोन्ही मते जुळली आणि मुलीने संमती दिली, की रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना निर्णय कळवते आणि मग अंमलबजावणी होते. दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागत नाही, त्यांना कळवणे लागते. मंडळाने नकार दिला, तर उच्च न्यायालयाचा दरवाजा आहे.

म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी चार दिवस. त्यातही अडखळण्याची जागा आहे ती दुसऱ्या मंडळाची. जिल्ह्याने नेमायचा तो डॉक्टर आधीपासून ठरवून ठेवलेला असेल तर दोन दिवस पुरतात. नसेल तर पत्रव्यवहारातच आठवडा जातो. म्हणून ज्या रुग्णालयात नेहमी जाणे होते तिथे, रुग्ण बरा असतानाच, एक प्रश्न विचारून ठेवावा : तुमच्याकडे दुसऱ्या मंडळासाठी नेमलेले डॉक्टर आहेत का? उत्तर ऐकून त्या रुग्णालयाची तयारी कळते.

ही वाट माहीत नसली की घरचे दुसरा मार्ग धरतात. 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' असे लिहून देऊन रुग्णाला घरी आणतात. यंत्र सुटते, पण त्याबरोबर मॉर्फिन, ऑक्सिजन आणि धाप लागल्यावर काय करायचे हे सांगणारा डॉक्टरही सुटतो. आजींना जे टाळायचे होते, तेच धापा टाकणे घरच्या खाटेवर घडते. इच्छापत्राच्या वाटेने गेल्यास यंत्र थांबल्यावरही आराम देणारे उपचार चालू ठेवण्याची जबाबदारी रुग्णालयाची राहते. दोहोंतला खरा फरक हा आहे.

इच्छापत्राच्या मर्यादाही ओळखून असाव्यात. औषध टोचून मृत्यू आणा, अशी सूचना त्यात करता येत नाही; ते भारतात बेकायदा आहे. रुग्ण स्वतः बोलू शकतो तोवर त्याचा शब्दच चालतो, कागद बाजूला राहतो. आजार बरा न होणारा आहे असे डॉक्टरांचे मत होईपर्यंतही कागद वाट पाहतो. त्यामुळे अपघात किंवा पहिला हृदयविकाराचा झटका यांत कॅज्युअल्टीचे डॉक्टर आधी जीव वाचवण्याचाच प्रयत्न करतील, आणि ते योग्यच आहे.

इच्छापत्र कधीही बदलता किंवा रद्द करता येते. नवे केले तर सर्वांत अलीकडे सही केलेलेच धरले जाते, म्हणून जुन्या प्रती परत मागून फाडून टाकाव्यात. प्रती किती आणि कुठे, हे कागदाच्या शेवटीच लिहून ठेवावे. आजींच्या कागदाखाली पाच नोंदी आहेत : मुलगी, धाकटा मुलगा, फॅमिली डॉक्टर, आर/मध्य वॉर्ड कार्यालय आणि घर. घरातली प्रत बँकेच्या लॉकरमध्ये नाही. डिस्चार्जचे जुने कागद, एक्स-रे आणि औषधांची यादी ज्या फाइलमध्ये आहे, तिच्यात ती सर्वांत वर आहे; कारण रात्री दोन वाजता अँब्युलन्समध्ये बसताना घरचे हातात तीच फाइल घेऊन निघतात.